शिकवण्याच्या व्हिडिओत स्पॉन्सर घ्यायचाय? रेट सांगायच्या आधी हे ठरवून घ्या

शिकवायचं यूट्यूब चॅनेल जरा चालायला लागलं की मेल सुरू होतात. 'हाय डिअर क्रिएटर' वगैरे झालं की शेवटी एकच प्रश्न असतो, तुमचा रेट काय. आणि नवीन माणूस लगेच आकडा सांगून मोकळा होतो. आकडा गेला की समोरचा धरून चालतो की बाकी सगळं त्यातच आलं, म्हणजे जाहिरात कुठे टाकायची, किती वेळ बोलायचं, काय बोलायचं, फायनल कोण करणार, क्लिप आणखी कुठे वापरणार, सगळंच. मग तुम्ही एकेक गोष्ट काढायला गेलात की 'मॅम, हे तर रेटमध्ये होतंच ना' असं ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून खालच्या क्रमात रेट सहाव्या नंबरला आहे, आणि तो मुद्दामच तिथे आहे.

मी पुण्यात धायरीतून मराठीत एक्सेल आणि ऑफिसचे हिशोब शिकवते. बघणारे म्हणजे बी.कॉम.ची पोरं, भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात बसणारी माणसं, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधले काहीजण. ही मंडळी व्हिडिओ नुसता बघत नाहीत, पॉज करून सोबत टाइप करतात. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, कारण गाण्याच्या किंवा फिरण्याच्या व्हिडिओत जाहिरात आली तर माणूस वैतागतो आणि पुढे ढकलतो, पण सोबत करणाऱ्याचं मध्येच लक्ष तुटलं तर त्याचं शीट चुकतं.

उदाहरण एकच घेते म्हणजे नीट समजेल. मोबाइलवर बिलं बनवायचं एक अॅप, मध्ये बाणेरची एक एजन्सी, आणि माझा VLOOKUP वरचा साधारण १४ मिनिटांचा धडा. त्यांच्या ब्रीफमध्ये चार मागण्या होत्या: पहिल्या ३० सेकंदांत नाव घ्या, एकूण ९० सेकंद बोला, 'भारतातलं नंबर वन' म्हणा, आणि 'एक्सेलची कटकट विसरा' ही टॅगलाइन वापरा. एक्सेलच्याच धड्यात. ब्रीफ लिहिणाऱ्याने चॅनेल उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं हे उघड आहे, पण असं होतं, दर वेळी होतं, त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

१. पहिल्या उत्तरात आकडा द्यायचा नाही

उत्तर छोटं आणि गोड ठेवायचं, पण प्रश्न आपण विचारायचे. मी साधारण असं पाठवते:

"नमस्कार, विचारल्याबद्दल धन्यवाद. रेट सांगण्याआधी थोडी माहिती हवी आहे. प्रॉडक्ट नेमकं कोणतं, आणि मला पंधरा दिवसांसाठी पूर्ण चालणारं अकाउंट मिळेल का? उल्लेख किती सेकंदांचा हवा? क्लिप तुम्ही तुमच्या जाहिरातीत वापरणार आहात का? पैसे कंपनी देणार की एजन्सी? माझ्या चॅनेलवर उल्लेख धड्याचा एक भाग संपल्यावरच येतो, सुरुवातीला येत नाही, हे चालणार असेल तर पुढे बोलू."

शेवटचं वाक्य पहिल्याच मेलमध्ये पाहिजे. निम्मे लोक इथेच गळतात, आणि गळू देत, नाहीतर तेच लोक तीन आठवडे फोन करकरून शेवटी तिथेच येतात.

काही ऑफर तर मेलवरच बंद करायच्या. 'नोकरीची गॅरंटी' देणारे कोर्स, शेअर बाजाराच्या टिप्स, पटकन कर्ज देणारी अॅप. आपले प्रेक्षक शिकणारे आहेत, त्यांना नोकरीची आणि पैशाची गरज आहे आणि आपण 'सर' किंवा 'मॅडम' आहोत, त्यामुळे आपल्या तोंडून आलेलं वाक्य त्यांना सल्ला वाटतं, जाहिरात वाटत नाही. कोचिंगवाल्यांनी सिलेक्शनच्या किंवा नोकरीच्या खोट्या हमी देण्यावर केंद्र सरकारची २०२४ ची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा आहेत.

२. आधी वापरायचं, मग बोलायचं

पंधरा दिवसांचं अकाउंट मागायचं कारण हे. मी बिलिंग अॅपवर माझ्या मामेभावाच्या हार्डवेअर दुकानाची जुनी बिलं टाकून बघितली. तीन गोष्टी शोधत होते. फ्री ट्रायल संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का, आपला डेटा बाहेर काढून एक्सेलमध्ये घेता येतो का, आणि ट्रायल संपल्यावर जुनी बिलं दिसतात की कुलूप लागतं. डेटा निघत होता, पण फक्त पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये. ही गोष्ट ब्रीफमध्ये कुठेच नव्हती आणि माझ्या प्रेक्षकांना नेमकी हीच गोष्ट आधी कळायला पाहिजे.

हे फक्त चांगुलपणा म्हणून नाहीये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी नुसती कंपनीच नाही, शिफारस करणारासुद्धा धरला जातो. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय एक वर्ष, पुढे तीन वर्षांपर्यंत शिफारस करायला बंदी येऊ शकते. सुटका कशी, तर आपण दाव्यांची खातरजमा केली होती हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून वापरतानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवून द्या.

आणि 'नंबर वन'? मी विचारलं, कशात नंबर वन, कोणी मोजलं, तो कागद पाठवा. कागद आला नाही, शब्द गेला. भांडावं लागलं नाही.

३. जागा: प्रश्न आणि उत्तराच्या मध्ये कधीच नाही

सगळ्यात जास्त जोर इथे लावा.

एजन्सीवाले म्हणतात, 'मॅम, क्लायंटला हुकच्या जवळ पाहिजे.' म्हणजे उत्सुकता ताणली गेलीये, माणूस हलणार नाही, तिथे जाहिरात. आता माझ्या धड्यात ती जागा कुठली ते बघा. दुकानाची रेट लिस्ट F आणि G कॉलममध्ये आहे, मी पहिल्या ओळीत A2 मधल्या वस्तूचा भाव आणते:

```
=VLOOKUP(A2,F2:G40,2,FALSE)
```

पहिली ओळ बरोबर येते. मग फॉर्म्युला खाली ओढते, आणि मध्येच दोन-तीन ओळींत `#N/A` येतं, म्हणजे वस्तू लिस्टमध्ये सापडली नाही. मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, कारण ऑफिसात सगळ्यांचं इथेच अडतं. फॉर्म्युला खाली ओढला की लिस्टची रेंजसुद्धा एकेक ओळ खाली सरकते, F3:G41, F4:G42, आणि लिस्टमधल्या वरच्या वस्तू रेंजच्या बाहेर पडतात. उपाय डॉलरचा:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$G$40,2,FALSE)
```

`#N/A` दिसणं आणि डॉलर लावणं ह्याच्या मधले वीस-तीस सेकंद म्हणजे पूर्ण धडा. पोरगं स्वतःच्या स्क्रीनकडे बघत असतं, का आलं असेल, का आलं असेल करत. त्या जागेवर जर मी म्हटलं की उत्तर सांगतेच पण त्याआधी आजच्या स्पॉन्सरबद्दल, तर त्याच्या डोक्यातली जुळणी गेली. नंतर मी उत्तर सांगितलं तरी ते फक्त लिहून घेतं. एजन्सीला हीच जागा सोन्याची वाटते आणि शिकवणाऱ्यासाठी हीच सगळ्यात वाईट.

चांगली जागा म्हणजे सांधा. एक काम पूर्ण झालं, शीट सेव्ह केलं, आणि पुढचं काम वेगळ्या शीटवर सुरू व्हायचंय. माझ्या धड्यात तो सांधा साडेपाचव्या मिनिटाच्या आसपास येतो. तिथे थांबलेल्या माणसाच्या हातात काहीतरी पूर्ण झालेलं असतं, तो थांबू शकतो.

पण 'शिकवण्यासाठी वाईट आहे' हे कारण समोरच्याला पटत नाही, त्याला आकडा लागतो. तो यूट्यूब स्टुडिओमध्ये आहे. एखाद्या जुन्या, तशाच लांबीच्या धड्याचा रिटेन्शनचा ग्राफ काढा. माझ्या ग्राफमध्ये पहिल्या मिनिटात उतार खडा होता, सर्चमधून आलेले लोक फॉर्म्युला दिसत नाही म्हटल्यावर निघून जातात, आणि दुसऱ्या मिनिटानंतर रेष जवळपास सपाट. मी तो स्क्रीनशॉट पाठवून लिहिलं की सुरुवातीला तुमचं नाव ऐकून जाणारे लोक जाणारच होते, साडेपाचव्या मिनिटाला जे आहेत ते खरंच हिशोबाचं काम करणारे आहेत, तुमचं गिऱ्हाईक तेच. हे खरंही आहे. एका मेलमध्ये जागा मान्य झाली.

सांध्यावर जाहिरात ठेवायचा आणखी एक फायदा आहे, तो शेवटच्या पायरीत येईल.

४. शब्द: स्क्रिप्ट तुमची, माहिती त्यांची

त्यांच्याकडून फक्त फॅक्ट्स मागा. नाव, किंमत, ट्रायल किती दिवस, लिंक. वाक्यं तुम्ही लिहा, तुमच्या रोजच्या बोलण्यात. तयार जाहिरातीची फाइल पाठवून 'हीच मध्ये टाका' म्हणाले तर सरळ सांगा की कंपनीने बनवून दिलेली व्हिडिओ जाहिरात आपल्या व्हिडिओत चिकटवायला यूट्यूबची परवानगी नाही.

९० सेकंदांचे मी ४० केले. ९० सेकंदांत कौतुकच करत बसावं लागतं, माहिती तेवढी नसतेच. शेवटी जे ठरलं ते असं:

"इथे पहिलं शीट पूर्ण झालं, सेव्ह करा. पुढचे ४० सेकंद जाहिरात आहे, ह्या व्हिडिओसाठी ह्या अॅपने मला पैसे दिलेत. दुकानात उभ्या उभ्या फोनवर बिल बनवायचं असेल तर हे कामाचं आहे, मी एका हार्डवेअर दुकानाची बिलं टाकून बघितली, स्टॉक आपोआप कमी होतो. डेटा एक्सेलमध्ये काढायची सोय पैसे भरलेल्या प्लॅनमध्ये आहे, फ्रीमध्ये नाही. दिवसाला चार-पाच बिलं असतील तर तुम्हाला आज शिकतोय तेवढं एक्सेल पुरेल. लिंक खाली आहे. चला, दुसरं शीट."

'एक्सेल पुरेल' ह्या वाक्यावर फोन आला, येणारच होता. क्लायंट म्हणे पैसे आम्ही देतोय आणि तुम्ही लोकांना घेऊ नका सांगताय. मी म्हटलं, चार बिलांवाला तसाही ट्रायल संपल्यावर सोडून जाणार आणि खाली कमेंट टाकणार की मॅडमनी फसवलं, त्यात तुमचंही नाव येणार. तोडगा निघाला: वाक्य राहिलं, पण त्याच्यापुढे 'बिलं वाढली की मग विचार करा' एवढं जोडलं. हे मला चाललं कारण ते खोटं नाहीये. 'एक्सेलची कटकट' मात्र पूर्ण काढली, त्यावर चर्चासुद्धा केली नाही.

माझा नियम एवढाच आहे की उल्लेखात एक मर्यादा तरी सांगायचीच. मर्यादा सांगू न देणारा स्पॉन्सर घेत नाही.

५. कोण काय तपासणार

कंपनीला पूर्ण व्हिडिओ दाखवायचा नाही. फक्त त्यांचा तुकडा दाखवायचा, मागे-पुढे पाच सेकंद धरून. बदल फक्त चुकीच्या माहितीचे, जास्तीत जास्त दोनदा, आणि ४८ तासांत उत्तर आलं नाही तर मंजूर धरणार, असं लिहून घ्या. हे नाही लिहिलं तर कंपनीतला एकेक माणूस क्रमाक्रमाने बघतो आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, धड्यात दुसऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आलंय ते काढा. धडा त्यांच्या तपासणीत येतच नाही, हे एक वाक्य लिहिलेलं असलं की विषय संपतो.

कमेंटचंही आधीच बोला. शिवीगाळ सोडली तर प्रॉडक्टबद्दलच्या तक्रारी मी डिलीट करणार नाही, हे मेलवर लिहिलेलं बरं. पिन केलेली कमेंट सराव फाइलची, त्यांची नाही. डिस्क्रिप्शनमध्येही पहिली ओळ सराव फाइलची, दुसरी त्यांच्या लिंकची, कारण वरच्याच ओळी आधी दिसतात आणि पोरं फाइल शोधायला येतात.

६. आता रेट

मागच्या दहा व्हिडिओंचे पहिल्या ३० दिवसांचे व्ह्यूज लिहा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या, म्हणजे पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध येणारा. सगळ्यांची सरासरी नको, एखादा व्हिडिओ व्हायरल झालेला असला की सरासरी फुगते आणि मग पुढच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही. समजा मधला आकडा १५,००० आला आणि तुम्ही दर हजारी ८०० रुपये धरलेत, तर १२,०००. ८०० हा बाजारभाव म्हणून सांगत नाहीये, हिशोब दाखवायला घेतलाय, विषयाप्रमाणे तो खूप बदलतो. मी स्वतःचा आकडा ठरवताना उलटं बघते: धडा बनवायला किती खर्च आला, आणि हे पैसे नाही मिळाले तरी तो धडा मी बनवलाच असता का. उत्तर 'नाही' असं येत असेल तर चूक रेटची नाही, विषयाची आहे.

ते कमी करायला सांगणार. करा, पण फुकट नाही, वस्तू काढून करा. १२ चे ९ हजार करायचे असतील तर सेकंद ४० चे २५ होतील, किंवा लिंक ३० दिवसांनी निघेल. जागा आणि मर्यादेचं वाक्य मात्र सौद्यात आणायचंच नाही, पैसे कमी झाले तरी आणि जास्त मिळाले तरी.

व्ह्यूजची गॅरंटी देऊ नका. 'विक्रीवर कमिशन घ्या' ह्यालाही मी नाही म्हणते, कारण कमिशन असलं की मर्यादा सांगताना आपलीच जीभ अडखळते.

७. कागद

मोठं अॅग्रीमेंट नसलं तरी चालेल, सगळं एका मेलमध्ये लिहून समोरून 'मान्य' आलं तरी बरंच काम होतं. पण पाठवलेलं अॅग्रीमेंट आलं तर तीन कलमं शब्द न् शब्द वाचा.

पहिलं, एक्सक्लुझिव्हिटी. आमच्या कागदात होतं, सहा महिने 'कोणत्याही अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा उल्लेख' करायचा नाही. म्हणजे मी टॅली शिकवू शकणार नाही! ते बदलून असं केलं: '३० दिवस दुसऱ्या मोबाइल बिलिंग अॅपची पैसे घेऊन जाहिरात करणार नाही, शिकवताना कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव घेणं, वापरून दाखवणं किंवा तुलना करणं ह्यात मोडत नाही.'

दुसरं, क्लिपचा वापर. 'सर्व माध्यमांत कायमस्वरूपी' असं लिहिलेलं असतं. मर्यादेचं वाक्य कापून तुमचा चेहरा त्यांच्या जाहिरातीत फिरला तर प्रेक्षकाला ते तुम्हीच बोललात असं वाटणार. म्हणून त्यांच्या पेजवर ३० दिवस, तुकडा न कापता पूर्ण, आणि पैसे देऊन चालवायच्या जाहिरातीसाठी वेगळी परवानगी, वेगळे पैसे.

तिसरं, पेमेंट. 'ब्रँडकडून आल्यावर देऊ' हे एजन्सीचं आवडतं वाक्य, ते खोडा. निम्मे रेकॉर्डिंगआधी, निम्मे व्हिडिओ आल्यापासून १५ दिवसांत. टीडीएस कापला तर, प्रोफेशनल फीवर सहसा १० टक्के असतो, १२,००० चे हातात १०,८०० येतात. ते गेलेले नसतात, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर दिसले पाहिजेत, रिटर्न भरताना धरले जातात. वादाचं ठिकाण पुणे लिहून घ्या, थकलेल्या बिलासाठी कोण गुरुग्रामला जाणार.

जवळ ठेवायचं: पॅन, रद्द केलेला चेक, इनव्हॉइसचा नमुना, जीएसटी नंबर असेल तर तो, दहा व्हिडिओंच्या व्ह्यूजचा आणि रिटेन्शनचा स्क्रीनशॉट. आणि छोट्या धंद्यांसाठीचं उद्यम रजिस्ट्रेशन, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट खोट्या आहेत. सौदा व्हायच्या आधी ते असेल तर कायद्याने लेखी करार असतानाही ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि इनव्हॉइसवर तो नंबर दिसला की अकाउंट्सवाले जरा हलतात.

८. अपलोडच्या दिवशी आणि नंतर

स्टुडिओमध्ये `Paid promotion` चा बॉक्स टिक करा. त्याने व्हिडिओच्या सुरुवातीला काही सेकंद सूचना दिसते, पण तेवढ्यावर भागत नाही. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे आस्कीच्या, २०२१ च्या नियमांप्रमाणे दोन मिनिटांपेक्षा मोठ्या व्हिडिओत ज्या भागात ब्रँडबद्दल बोलतोय तो पूर्ण भागभर 'जाहिरात' हे लेबल स्क्रीनवर पाहिजे. मी वरच्या कोपऱ्यात जाड अक्षरात ठेवते आणि चॅप्टरच्या यादीतही त्या तुकड्याला 'जाहिरात' असंच नाव देते. ज्याला नको तो एका टचमध्ये पुढे जातो. एजन्सी म्हणाली, लोक स्किप करतील. करू देत की, स्किप करणारा माणूस पुढचा धडा बघतो, अडकवलेला माणूस बघत नाही.

आठवड्याने ग्राफ बघा. जाहिरातीवर खड्डा पडणारच. खड्ड्यानंतर रेष पुन्हा आधीच्या उंचीच्या जवळ आली असेल तर लोकांनी फक्त स्किप केलंय, ठीक आहे. रेष खालीच राहिली असेल तर लोक व्हिडिओ सोडून गेलेत, म्हणजे जागा सांधा नव्हती किंवा तुकडा लांबला. हाच स्क्रीनशॉट पुढच्या स्पॉन्सरशी बोलताना कामाला येतो, त्यामुळे ठेवून द्या.

आणि सांध्याचा तो राहिलेला फायदा. शिकवण्याचे व्हिडिओ वर्षानुवर्षं बघितले जातात, अॅपची किंमत तोपर्यंत बदलते किंवा अॅपच बंद पडतं. म्हणून मेलमध्ये 'सहा महिन्यांनी हा तुकडा काढायचा हक्क माझा' असं लिहून घ्या. स्टुडिओच्या एडिटरमध्ये मधला तुकडा ट्रिम करता येतो, लिंक, व्ह्यूज, कमेंट तसेच राहतात. पण ते जमायला तुकड्याच्या दोन्ही टोकांना अर्धा-एक सेकंद शांतता पाहिजे आणि पार्श्वसंगीत नको, नाहीतर कापल्यावर वाक्य अर्धं तुटतं. 'चला, दुसरं शीट' हे मी त्यासाठीच वेगळा श्वास घेऊन म्हणते. ट्रिम केल्यावर डिस्क्रिप्शनमधले पुढचे सगळे टाइमस्टँप ४० सेकंदांनी मागे घ्या आणि सबटायटल्स एकदा चालवून बघा, आणि तुकडा गेला असेल तर त्यांची लिंकही त्याच दिवशी काढा.